मीपल केव्हा बसवावा? कार्कासोनच्या पटावरील एका निर्णयाचा हिशोब

कार्कासोन खेळताना प्रत्येक पाळीला दोन प्रश्न समोर येतात. हाती आलेली टाइल कोठे लावावी, हा पहिला. आणि तिच्यावर आपला माणूस बसवावा की नाही, हा दुसरा. नवा खेळाडू पहिल्या प्रश्नावर बराच वेळ घालवतो आणि दुसऱ्याचे उत्तर जवळजवळ न विचारता देऊन टाकतो: जागा मोकळी आहे, माणूस हातात आहे, मग बसवू या. माझ्या अनुभवात डाव जिंकणे वा हरणे बहुतेक वेळा या दुसऱ्याच प्रश्नावर ठरते. म्हणून या लेखात तेवढाच एक निर्णय उलगडून पाहू.

क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा खेळ 2000 साली जर्मनीतील हान्स इम ग्ल्यूक या प्रकाशनाने आणला आणि 2001 साली त्याला ‘श्पील देस यारेस’ हा तेथील मानाचा पुरस्कार मिळाला. नाव दक्षिण फ्रान्समधील तटबंदीच्या कार्कासोन शहरावरून घेतले आहे. पेटीत जमिनीच्या 72 चौकोनी टाइल्स असतात. त्यांतील एक आरंभीची म्हणून मध्यभागी ठेवतात आणि उरलेल्या 71 पालथ्या घालून एकेक करून उचलतात. उचललेली टाइल आधीच्या टाइल्सना अशी जोडायची की रस्त्याला रस्ता, शहराला शहर आणि शेताला शेत मिळेल. प्रत्येक खेळाडूकडे एकाच रंगाच्या आठ लाकडी बाहुल्या असतात. जुन्या नियमपुस्तिका त्यांना अनुयायी म्हणत, पण खेळणारे सगळे त्यांना मीपल म्हणतात, आणि मीही तसेच म्हणेन. आठातला एक गुणफलकावर जातो, म्हणजे कामाला उरतात सात. सगळा डाव या सातांवर चालवायचा असतो.

मीपल फक्त नुकत्याच लावलेल्या टाइलवरच बसवता येतो, आणि ज्या रस्त्यावर, शहरात किंवा शेतात आधीच कोणाचा, अगदी स्वतःचा का होईना, मीपल आहे तेथे दुसरा बसवता येत नाही. एकदा बसवला की तो मनाला येईल तेव्हा उचलताही येत नाही. रस्ता दोन्ही टोकांनी बंद झाला, शहराची तटबंदी पुरी झाली किंवा टाइलवरच्या मठाभोवतीच्या आठही जागा भरल्या, तरच त्याचे गुण मिळतात आणि तो हातात परत येतो. शेतातला मीपल मात्र कधीच परत येत नाही. त्याला टाइलवर आडवा झोपवतात आणि डाव संपेपर्यंत तो तसाच पडून राहतो. ही आडवी बाहुली पटावर लांबूनही ओळखू येते, ते बरेच आहे. कारण आपण कायमचे काय देऊन बसलो आहोत, याची आठवण ती प्रत्येक पाळीला करून देते.

गुणांची रीत थोडक्यात अशी. रस्त्याला प्रत्येक टाइलमागे एक गुण मिळतो, मग तो पूर्ण झालेला असो वा डावाच्या शेवटी अपुरा राहिलेला. शहर पूर्ण झाले तर प्रत्येक टाइलमागे दोन आणि ढालीच्या प्रत्येक चिन्हामागे आणखी दोन. अपुरे राहिले तर या दोन्हींचे निम्मे. मठाला पूर्ण वेढल्यावर नऊ गुण, आणि अपुरा असेल तर स्वतःचा एक व भोवतीच्या प्रत्येक टाइलचा एक. शेताचे गुण फक्त शेवटी मोजतात: त्या शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहरामागे तीन. एकाच जागेत अनेकांचे मीपल असतील तर ज्याचे अधिक त्याला सगळे गुण, आणि बरोबरी असेल तर दोघांनाही पूर्ण गुण. जुन्या आवृत्त्यांत शेतांचे आणि दोन टाइल्सच्या छोट्या शहराचे गुण वेगळ्या तऱ्हेने मोजत असत. येथे मी सध्याचा नियम धरला आहे.

या नियमांमध्ये एक फरक दडलेला आहे, आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. रस्ता अपुरा राहिला तर गुणांचे काहीच नुकसान होत नाही. चार टाइल्सचा रस्ता बंद झाला तरी चार, नाही झाला तरी चार. तरीही रस्ता बंद करण्यासाठी आपण धडपडतो, ते मीपल सुटावा म्हणून. याचा अर्थ मीपल बसवताना आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी पणाला लावत असतो. एक म्हणजे त्या जागेचे गुण, आणि दुसरी म्हणजे तो मीपल अडकून पडेल तेवढ्या पाळ्या. पहिली गोष्ट गुणफलकावर दिसते, दुसरी कोठेच दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते.

या दुसऱ्या गोष्टीची किंमत किती खेळाडू खेळत आहेत यावर ठरते. दोघे खेळत असतील तर 71 टाइल्समधून प्रत्येकाला सुमारे 35 पाळ्या मिळतात. प्रत्येक पाळीला मीपल बसवावासा वाटला तर सातांपैकी प्रत्येकाला पाच वेळा कामावर जावे लागेल. पाच जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चौदाच पाळ्या येतात आणि प्रत्येक मीपलने दोनदा काम केले तरी पुरते. म्हणून दोघांच्या डावात मीपल लवकर सुटणे हे पाच जणांच्या डावापेक्षा कितीतरी महत्त्वाचे असते. पाच जणांत खेळून मीपल सढळ हाताने टाकण्याची सवय झालेला माणूस दोघांच्या डावात बसला की अर्ध्यावरच त्याचा हात रिकामा होतो, आणि असे का झाले हे त्याला कळत नाही.

रिकाम्या हाताचे नुकसान किती नेमके असते, ते मला माझ्या थोरल्या बहिणीबरोबर खेळताना कळले. दोघांचाच डाव होता. पहिल्या नऊ पाळ्यांत मी सातही मीपल बसवले होते: दोन रस्त्यांवर, तीन शहरांत आणि दोन शेतांत. त्यांतले एकही काम पूर्ण होण्याच्या बेतात नव्हते. दहाव्या पाळीला मठाची टाइल आली. पटावर एक खळगा असा होता की त्याच्या आठ शेजारांपैकी सहा आधीच भरलेले होते आणि बाजू शेताच्या असल्यामुळे मठ तेथे अचूक बसत होता. तेथे मीपल ठेवता आला असता तर त्याच घटकेला सात गुण निश्चित होते आणि नऊ व्हायला दोनच टाइल्स हव्या होत्या. टाइल तर लावावीच लागली, पण तिच्यावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हते. ताई म्हणाली, “अरे, तो रस्ता तरी बंद करायचास की आधी.” तिचे म्हणणे बरोबर होते. तीन टाइल्सचा एक रस्ता दोन पाळ्यांपूर्वी एका वळणाच्या टाइलने चौकाशी जोडून बंद करता आला असता. तीनचे पाच होऊन मिळणारे ते गुण मला क्षुल्लक वाटले होते, आणि त्या टाइलने मी तिसरे शहर मांडण्यासाठी जागा केली होती. त्या रस्त्याची खरी किंमत पाच गुण नव्हती. त्यात अडकलेला मीपल ही त्याची किंमत होती.

पाळीचा क्रमही येथे लक्षात ठेवावा लागतो. आधी टाइल लावायची, मग मीपल बसवायचा आणि शेवटी गुण मोजून सुटलेला मीपल परत घ्यायचा. म्हणून हात रिकामा असताना एखादी टाइल लावून आपला मीपल सोडवला, तरी तो त्याच पाळीला त्या टाइलवर बसवता येत नाही. त्यासाठी पुढच्या पाळीपर्यंत थांबावे लागते. उलट हातात एक जरी मीपल असेल तर याच क्रमाचा मोठा फायदा होतो. पटावर कोणाचाही मीपल नसलेली शहराची एक उघडी कड आहे आणि आपल्या हाती तिला बंद करणारी टाइल आली, तर टाइल लावायची, मीपल ठेवायचा, दोन टाइल्सच्या शहराचे चार गुण घ्यायचे आणि मीपल लगेच उचलायचा. तो एक पाळीही अडकत नाही. हातात निदान एक मीपल राखावा असे जाणते खेळाडू सांगतात, ते यासाठी.

आता शहराकडे वळू, कारण मीपल अडकण्याची सर्वात जास्त भीती तेथे असते. शहराची शेवटची एक कड उघडी आहे आणि तिच्या पुढच्या जागेला दुसरा कोणताही शेजार नाही, असे समजू. मूळ संचातील 71 टाइल्समध्ये अशी कड बंद करू शकणाऱ्या, म्हणजे एका बाजूला शहराचा छोटा तुकडा असलेल्या, 22 टाइल्स आहेत. म्हणजे साधारण तिनातली एक टाइल आपले काम करू शकते. एवढ्या भरवशावर मीपल बसवायला हरकत नाही, आणि बहुतेक जण येथपर्यंतचा अंदाज डोळ्यांनीच करतात.

पण समोरचा गप्प बसत नाही. तो त्या रिकाम्या जागेच्या एका अंगाला रस्त्याची टाइल अशी लावतो की तिच्या रस्त्याचे तोंड आपल्या जागेकडे येते. आता त्या खळग्यात एका बाजूला शहर आणि तिला लागून असलेल्या बाजूला रस्ता असलेली टाइलच बसेल. बंद करणाऱ्या टाइल्स 22 वरून एकदम नऊवर येतात: शहराखालून सरळ रस्ता जाणाऱ्या तीन, शहरापासून त्या बाजूला वळणारा रस्ता असलेल्या तीन आणि तिठा असलेल्या तीन. विरुद्ध बाजूला वळणाऱ्या तीन टाइल्स आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसत असल्या तरी त्या येथे बसत नाहीत, आणि घाईत मोजताना येथेच चूक होते. मग त्याने शहरासमोरच्या बाजूलाही टाइल लावली, आणि तिची कड शेताची असेल, तर उरतात फक्त तीन: सरळ रस्त्याच्या. दोन साध्या टाइल्स लावून त्याने 22 वाटांपैकी 19 बुजवल्या, आणि स्वतःचा एकही मीपल खर्च केला नाही.

या मोजणीचा उपयोग कसा करायचा, ते एका उदाहरणात पाहू. शहर चार टाइल्सचे आहे, त्यात एक ढाल आहे आणि आत माझा मीपल आहे. पाचव्या टाइलने ते बंद झाले तर बारा गुण. डावाच्या शेवटी तसेच उघडे राहिले तर पाच. दोघांच्या डावात गठ्ठ्यात 30 टाइल्स उरल्या आहेत, म्हणजे मला पंधरा मिळणार. पटावर पाहिल्यावर कळते की कामाच्या नऊपैकी पाच लागून गेल्या आहेत आणि चार शिल्लक आहेत. माझ्या पुढच्या पाच पाळ्यांत त्यांतली निदान एक मला मिळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, सुमारे 54 टक्के, आहे. डाव संपेपर्यंत ती 95 टक्क्यांवर जाते. म्हणजे गुण जवळजवळ नक्की, पण मीपल बराच काळ अडकणार. हातात आणखी तीन मीपल असतील तर मी शांत राहतो. पण चारऐवजी एकच टाइल शिल्लक असेल, तर ती माझ्याकडे येण्याची शक्यता निम्मीच उरते. दुसऱ्या खेळाडूकडे आली तर तो ती दुसरीकडे कोठेतरी लावून टाकेल. अशा वेळी त्या मीपलला गेलेला समजून पुढचा डाव आखावा, हे उत्तम. त्याला सोडवण्यासाठी टाइल्स वाया घालवणे हे दुसरे नुकसान ठरते.

टाइल्स मोजण्यासाठी पाठांतर लागत नाही. सगळ्या लागलेल्या टाइल्स डोळ्यांसमोर पटावरच असतात, आणि पेटीतील नियमपुस्तिकेत कोणत्या प्रकारच्या किती आहेत ते छापलेले असते. आपल्याला हव्या असलेल्या एकाच प्रकारापुरते पटावर पाहायचे आणि वजा करायचे, एवढेच काम. सगळ्या 72 टाइल्सचा हिशोब डोक्यात ठेवणारे खेळाडूही असतात, पण त्याची गरज नाही.

शेताचा निर्णय याहून कठीण, कारण तेथून मीपल परत येतच नाही. त्यामुळे लवकर झोपवावा की उशिरा, हा वाद कार्कासोनच्या प्रत्येक टेबलावर होतो. लवकर झोपवण्याच्या बाजूने एक मजबूत मुद्दा आहे: शेतात माझा मीपल असेल तर समोरच्याला थेट तेथे बसता येत नाही. त्याला वेगळ्या, न जुळलेल्या तुकड्यावर बसून नंतर तो तुकडा माझ्या शेताला जोडावा लागतो, आणि त्यासाठी किमान दोन टाइल्स व एक मीपल लागतो. उशिराच्या बाजूने मुद्दा असा की तोवर कोणत्या शेताला किती पूर्ण शहरे लागली हे दिसते, आणि मीपल थोड्याच पाळ्या अडकतो. दोन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणून सरसकट उत्तर शोधण्यापेक्षा एक स्थिती घेऊन बघणे बरे.

दोघांचा डाव आहे. ताईचा लाल मीपल मधल्या मोठ्या शेतात झोपला आहे आणि त्या शेताला आतापर्यंत चार पूर्ण शहरे लागली आहेत, म्हणजे तिचे बारा गुण तयार आहेत. माझी पाळी आहे. माझ्या हाती एका बाजूला शहर आणि बाकी तिन्ही बाजूंना शेत अशी टाइल आली आहे, आणि ती उचलल्यावर गठ्ठ्यात 24 टाइल्स उरल्या आहेत. मला दोन गोष्टी करता येतात. पहिली: पटावरच्या एका मोकळ्या शहराच्या कडेला ही टाइल लावून लगेच चार गुण घेणे आणि मीपल परत उचलणे. दुसरी: ही टाइल पटाच्या पूर्वेकडे अशी लावणे की तिच्या शेताच्या आणि ताईच्या शेताच्या मध्ये एकच रिकामा खळगा राहील, आणि तिच्यावर मीपल झोपवणे. उद्या तो खळगा शेताने जोडला गेला की माझा एक आणि ताईचा एक, म्हणजे बरोबरी, आणि बारा गुण मलाही.

खळग्याच्या पश्चिमेला ताईचे शेत, पूर्वेला माझे. उत्तर आणि दक्षिण मोकळ्या. कोणती टाइल दोन्ही शेते खरोखर जोडेल? एका बाजूला शहर असलेली साधी टाइल जोडेल; संचात अशा पाच आहेत. मठाच्या सहाही जोडतील, कारण ज्या दोन मठांना रस्ता आहे तेथेही तो मठापाशीच संपतो आणि शेत त्याला वळसा घालून पुढे जाते. समोरासमोर दोन वेगळी शहरे असलेल्या तीन टाइल्सही जोडतील, कारण त्यांच्यामधून शेताचा पट्टा जातो. एकूण चौदा. आता उलट बाजू पाहू. सरळ रस्त्याची टाइलही त्या खळग्यात बसते, पण उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता दोन्ही शेतांच्या मधोमध येऊन त्यांना तोडतो. अशा आठ आहेत. समोरासमोरच्या दोन बाजू जोडणारे एकच लांब शहर असलेल्या तीन टाइल्सही बसतात आणि तशाच तोडतात. म्हणजे जोडणाऱ्या चौदा आणि तोडणाऱ्या अकरा. टाइल बसते म्हणून शेत जुळते असे नाही. हे न समजल्यामुळे अनेकांचे शेतकरी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला पडून राहतात आणि शेवटच्या मोजणीच्या वेळी वाद होतो.

पटावरचे वजा केल्यावर उरलेल्या 24 मध्ये जोडणाऱ्या पाच आणि तोडणाऱ्या चार आहेत, असे समजू. माझ्यानंतर पाळी ताईची. तिला तोडणारी टाइल आधी मिळाली तर तिने तोडले, मला जोडणारी आधी मिळाली तर मी जोडले. तिची पाळी पहिली आणि माझ्या टाइल्स एकीने जास्त, हे जवळजवळ बरोबरीचे ठरते: माझी शक्यता साधारण निम्मी. जोडले गेले तर बारा. नाही जोडले गेले तर माझा तुकडा त्या चारांतल्याच एका पूर्ण शहराला लागून आहे असे धरू, म्हणजे तीन. सरासरी निघते साडेसात. खरे तर यातून थोडे वजा करायला हवे, कारण खळग्याच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला रस्त्याची कड आणून ताई माझ्या वाटा आणखी कमी करू शकते. तरीही ढोबळमानाने चार गुण एकीकडे आणि साडेसात दुसरीकडे, म्हणजे साडेतीन गुणांचा फरक.

मग शेतच निवडावे का? माझ्या हातात दोनच मीपल असतील तर मी निवडणार नाही. अजून बारा पाळ्या बाकी आहेत. एक कायमचा झोपवला की हातात एक उरतो, आणि तो पुढच्या कोणत्याही कामावर गेला की हात रिकामा. त्या बारा पाळ्यांत हात रिकामा असल्यामुळे चार गुणांचे एक छोटे शहर जरी हुकले, तरी साडेतीनची कमाई संपली. एखादा मठ हुकला तर त्याच्या दुप्पट गेले. म्हणून चार गुण घ्यावे आणि मीपल उचलावा. पण हाच पट, हीच टाइल, हेच 24, आणि हातात दोनऐवजी पाच मीपल असतील, तर मी निःशंकपणे शेतकरी झोपवीन. कारण पाचवा मीपल बारा पाळ्यांत कदाचित वापरलाही जाणार नाही. हातात पडून राहिलेल्या मीपलला शून्य गुण मिळतात. पटावरची एकही गोष्ट बदलली नाही आणि उत्तर उलटे झाले. त्या जागेचे किती गुण मिळतील, हा प्रश्न पुरा नाही तो यामुळेच. हातातल्या या विशिष्ट मीपलवाचून पुढे काय अडेल, हेही विचारावे लागते, आणि सातव्या मीपलचे उत्तर पहिल्याच्या उत्तरासारखे कधीच नसते.

यातूनच डावाच्या शेवटाचा एक सोपा हिशोब निघतो. एका पाळीला एकच मीपल बसवता येतो. म्हणून आपल्या उरलेल्या पाळ्यांची संख्या हातातल्या मीपलांएवढी किंवा त्याहून कमी झाली, की मीपलची किंमत शून्यावर येते, कारण त्याच्यावाचून पुढे काहीच अडणार नसते. गठ्ठ्यात आठ टाइल्स उरल्या, दोघेच खेळत आहेत आणि माझ्या हातात चार मीपल आहेत, तर प्रत्येक पाळीला मीपल बसवलाच पाहिजे. मग तो दोन टाइल्सच्या अपुऱ्या रस्त्यावर दोन गुणांसाठी का असेना. आणि या टप्प्यावर शेत ही सर्वात चांगली जागा होते, कारण तेथे मीपल अडकतो ही एकमेव तक्रार आता उरलेली नसते. एका पूर्ण शहराला लागलेला शेताचा कोपराही तीन गुण देतो आणि ते नक्की असतात. ज्या छोट्या कोपऱ्याकडे डावाच्या मध्यावर पाहायचेही नसते, तो शेवटच्या दोन पाळ्यांत एखाद्या रस्त्यापेक्षा मोलाचा ठरतो.

त्यासाठी गठ्ठ्याकडे लक्ष हवे. पालथ्या टाइल्सच्या चळती टेबलावर कोठेही विखुरलेल्या असल्या तर शेवट कधी आला ते कळत नाही. आम्ही आता शेवटच्या बारा टाइल्स वेगळ्या काढून दोघांना दिसतील अशा एका ओळीत मांडतो. त्या ओळीला हात लागला की आपल्या सहा पाळ्या उरल्या हे न मोजता कळते. ताई त्या क्षणी आपल्या हातातले मीपल टेबलावर काढून एका रांगेत उभे करते, आणि सहाहून कमी दिसले की आधी बंद करता येण्याजोगे रस्ते शोधायला लागते.